उक्ते काम की तासाचा हिशेब?

गवंड्याला भिंत बांधावयास सांगताना किंवा आचाऱ्याला लग्नाचा स्वयंपाक सांगताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: काम उक्ते घेणार की रोजाने करणार? या प्रश्नाचे उत्तर देण्यास दोघांनाही फारसा वेळ लागत नाही. भिंतीची लांबी-रुंदी मोजता येते, पंगतीला किती पाने होणार हे सांगता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून दर ठरून गेलेले असतात. हाच प्रश्न आता एका नव्या कारागिरासमोर उभा आहे. पुण्यासारख्या शहरांत आठवड्याचे पाच दिवस सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून शनिवारी व रविवारी गावातील दुकानदार, वितरक, लहान कारखानदार यांना संगणकाचे प्रोग्रॅम करून देणारे अनेक तरुण आहेत. त्यांच्याजवळ कसब आहे. परंतु दर कसा सांगावा याविषयी परंपरेचा आधार नाही. संपूर्ण कामाची एक रक्कम सांगावी, की तासाला अमुक रुपये असा हिशेब ठेवावा, या पेचात ते सापडतात, आणि बहुतेक वेळा समोरच्या व्यापाऱ्याला जे रुचेल ते मान्य करून मोकळे होतात.

ही निवड वरवर सोयीची वाटली तरी तिच्या मुळाशी एक कठीण प्रश्न आहे. काम सुरू करताना जे ठाऊक नसते, त्याचा भार कोणी सोसावयाचा? उक्त्या कामात तो भार करणाऱ्यावर पडतो. तासाच्या हिशेबात तो करवून घेणाऱ्यावर जातो. शेतीच्या व्यवहारात ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखली गेली आहे. ठरावीक खंडाने जमीन कसणाऱ्याला पाऊस न पडल्यास तोटा एकट्याने सोसावा लागतो; मजुरी देऊन शेती करविणाऱ्या मालकावर तो संपूर्ण पडतो; बटाईत तो वाटला जातो. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी 1974 साली बटाईच्या प्रथेचे जे विवेचन केले, त्याचा गाभा जोखमीची वाटणी आणि कष्ट करण्याची प्रेरणा यांतील ओढाताण हाच होता. पेठेतील दुकानदार आणि सुटीच्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणारा अभियंता यांच्यातही तीच ओढाताण असते.

एका दुकानाचा हिशेब

उदाहरणादाखल पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारातला विजेच्या सामानाचा एक वितरक कल्पावा. वायर, स्विच, सॉकेट, दिवे असा माल तो लहान दुकानदारांना आणि वायरमन मंडळींना उधारीवर देतो. हिशेबनीस टॅलीवर जमाखर्च लिहितो. मालाची यादी एक्सेलमध्ये आहे. मागण्या मात्र फोनवरून येतात आणि चिठोऱ्यांवर उतरविल्या जातात. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे आणि गोदामात कोणता माल किती शिल्लक आहे, हे एका ठिकाणी दिसावे एवढीच त्याची अपेक्षा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे. 31 मार्चला मालाची मोजदाद होईल आणि 1 एप्रिलपासून नव्या वर्षाचे व्यवहार नव्या प्रोग्रॅमवर सुरू व्हावेत, अशी त्याची इच्छा आहे.

अभियंता तासाभराच्या बोलण्यानंतर अंदाज बांधतो. गिऱ्हाइके व माल यांच्या याद्या, 8 तास. मागणी नोंदवून चलन काढणे, 14 तास. शिल्लक मालाचा हिशेब, 10 तास. येणे रकमांचा तक्ता, 8 तास. जुनी यादी नव्या प्रोग्रॅममध्ये आणणे, 6 तास. दुकानातील माणसांना शिकविणे, 4 तास. एकूण 50 तास. तासाला 800 रुपये धरून तो 40,000 रुपये उक्ते सांगतो. शनिवार-रविवार मिळून 10 तास काम होईल, म्हणजे पाच आठवडे. मार्चच्या मध्यापर्यंत काम पुरे. व्यापाऱ्याला आकडा पटतो आणि काम सुरू होते.

तिसऱ्या आठवड्यात पहिली अडचण उभी राहते. वायर 90 मीटरच्या कॉइलने विकत घेतली जाते. पण विकताना कधी पूर्ण कॉइल जाते, तर कधी त्यातून 20 मीटर तोडून दिली जाते. अभियंत्याने प्रत्येक वस्तूला एकच माप धरले आहे. आता त्याच वायरीचा हिशेब कॉइलमध्येही आणि मीटरमध्येही ठेवावा लागणार, दोन्हींचे दर वेगळे असणार, आणि उरलेल्या तुकड्यांचीही शिल्लक दाखवावी लागणार. शिल्लक मालाच्या भागाला 10 ऐवजी 22 तास लागतात. त्यानंतर एक्सेलची यादी उघडली जाते. एकच सहा अँपिअरचा स्विच तिच्यात चार नावांनी आहे. कोठे कंपनीचे नाव आधी, कोठे मागून, कोठे नुसताच आकडा. 6 तासांचे काम 20 तासांवर जाते. मग कळते की काम संपल्यावर वायरमन उरलेला माल परत आणून देतात आणि त्याबद्दल क्रेडिट नोट काढावी लागते. हे पहिल्या बोलण्यात कोणी उच्चारलेलेच नव्हते. त्याचे 8 तास. शिकविण्याचे 4 तास 10 होतात. कारण दुकानात बसणारा मुलगा मध्येच काम सोडून जातो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते.

बेरीज 90 तासांवर जाते. 40,000 रुपये 90 तासांत वाटले की तासाला सुमारे 444 रुपये पडतात. पाच आठवड्यांचे नऊ आठवडे होतात, आणि 1 एप्रिल उलटून जातो. यात कोणाचीही लबाडी नाही. कॉइल तोडून विकतात हे व्यापाऱ्याला इतके परिचयाचे की ते सांगावयास हवे असे त्याला वाटले नाही. अभियंत्याला ते विचारावयास हवे हे ठाऊक नव्हते.

तूट कोठे मुरते?

येथपर्यंतची हानी अभियंत्याची दिसते, आणि व्यापाऱ्याने स्वस्तात काम करून घेतले असे कोणी म्हणेल. परंतु हिशेब येथे संपत नाही. ज्याचा मोबदला निम्म्यावर आला आहे आणि ज्याच्या सुट्या संपत चालल्या आहेत, तो माणूस कोठेतरी काटकसर करणारच. चलन निघणे, तक्ता दिसणे या गोष्टी व्यापाऱ्याला पडद्यावर दिसतात. त्यांत काटछाट करता येत नाही. काटछाट होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. रोजच्या नोंदींची दुसरी प्रत आपोआप निघण्याची व्यवस्था राहून जाते. चुकीचा आकडा भरला तर काय होते हे तपासले जात नाही. पुढे दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करावी लागली तर उपयोगी पडतील अशी टिपणे लिहिली जात नाहीत. सहा महिन्यांनी दुकानातील संगणक बिघडतो आणि नोंदींची दुसरी प्रत नाही असे आढळते, तेव्हा स्वस्त कामाची खरी किंमत कळते. मोबदला मोजता येणाऱ्या भागाशी बांधला की न मोजता येणाऱ्या भागाकडे दुर्लक्ष होते, हे बेंग्ट हॉल्मस्ट्रॉम आणि पॉल मिल्ग्रॉम यांनी 1991 साली दाखवून दिले. करारांच्या सिद्धांतावरील कार्यासाठी हॉल्मस्ट्रॉम यांना 2016 साली ऑलिव्हर हार्ट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर, अंदाजातच भरपूर सूट धरून ठेवावी, असा उपाय सुचविला जातो. 50 तासांचे 75 धरून 60,000 रुपये सांगितले तर? पण बाजारात तो एकटाच नाही. दुसरा कोणीतरी तेच काम 25,000 रुपयांत करावयास तयार असतो, आणि पुष्कळदा तो अधिक कुशल नसून त्याला काम कमी समजलेले असते. अनेकांच्या अंदाजांतून सर्वांत कमी आकडा निवडला की सर्वांत मोठी चूक करणाऱ्याची निवड होण्याचा संभव वाढतो. अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी 1971 साली तेलक्षेत्रांच्या लिलावांसंबंधी हेच निदर्शनास आणले होते: ज्याला क्षेत्र मिळते त्याने बहुधा त्याची किंमत वाजवीपेक्षा जास्त आखलेली असते. तेथे जास्तीत जास्त बोली चुकीची ठरते, येथे कमीत कमी, तत्त्व एकच.

तासाचे मीटर

मग तासाचा हिशेब बरा काय? 90 तासांचे 72,000 रुपये अभियंत्याला मिळतील आणि त्याच्यावर अन्याय होणार नाही. परंतु व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. त्याने मनाशी 40,000 धरले होते. काम दुकानात होत नाही. अभियंता आपल्या घरी रात्री बसून ते करतो. गेल्या रविवारी 5 तास लागले की 3, हे पडताळण्याचे कोणतेच साधन व्यापाऱ्याजवळ नाही. गवंडी दिवसभर बसून राहिला तर दिसते. प्रोग्रॅम लिहिणारा विचार करतो आहे की वेळ घालवितो आहे, हे शेजारी बसूनही कळणे कठीण.

शिवाय तासाचा दर कसबाला उलटा दंड करतो. ज्याने असे तक्ते दहा दुकानांसाठी केले आहेत तो 8 तासांचे काम 3 तासांत करतो आणि म्हणून त्याला कमी पैसे मिळतात. नवशिका चाचपडत राहतो आणि अधिक मिळवितो. अनुभवी माणसाने दर वाढवावा हे खरे. पण तासाला 2,000 रुपये हा आकडा ऐकताच व्यापारी आपल्या हिशेबनिसाच्या पगाराशी त्याची तुलना करतो आणि बोलणे तेथेच थांबते.

याहून मोठा तोटा असा, की व्यापारी बोलावयाचे टाळू लागतो. रिक्षाचे मीटर पडत असताना पत्ता विचारण्यास थांबावेसे वाटत नाही, तसे त्याचे होते. परत येणाऱ्या मालाचा विषय काढावा, तर अर्धा तास बोलण्यात जाईल आणि त्याचेही पैसे लागतील. ज्या माहितीवाचून काम बिघडते, तीच माहिती तो जवळ ठेवतो.

ज्याच्या हाती लगाम, त्याच्या माथी जोखीम

तात्पर्य, दोन्ही पद्धती संपूर्ण कामाला एकच माप लावतात, आणि दोष तेथे आहे. उदाहरणातील वाढलेले 40 तास पुन्हा पाहावेत. चलन किंवा तक्ता लिहिण्यास किती वेळ लागेल हे अभियंत्याच्या हाती आहे. त्याचे कसब, त्याची साधने, त्याची शिस्त यांवर ते अवलंबून आहे. आणि त्या भागांचा अंदाज चुकलेला नाही. स्विचची नावे चार प्रकारे का लिहिली गेली, दुकानातील मुलगा टिकतो की नाही, हे व्यापाऱ्याच्या हाती आहे. तिसरा प्रकार कॉइल आणि परत येणारा माल यांचा: तो कोणाच्याही हाती नव्हता, कारण तो कोणी आधी पाहिलाच नव्हता. तीन प्रकारच्या अनिश्चिततेला तीन वेगळे उपाय लागतात.

न पाहिलेल्या गोष्टींसाठी आधी पाहणी हवी, आणि ती पैसे घेऊन करावयास हवी. पहिल्या शनिवार-रविवारी 8 तास दुकानात बसून, 6,400 रुपये उक्ते घेऊन, अभियंत्याने मागणी येण्यापासून पैसे जमा होण्यापर्यंतचा एक संपूर्ण दिवस डोळ्यांनी पाहावा. चिठोऱ्या चाळाव्यात, मालाच्या यादीतील कोठल्याही 100 ओळी काढून किती वस्तू दुबार आहेत ते मोजावे, आणि नेहमीपेक्षा वेगळे असे या आठवड्यात काय घडले, हे मालकाला न विचारता काउंटरवरच्या माणसाला विचारावे. वायर तोडणारा आणि परत आलेला माल ठेवून घेणारा तोच असतो. या पाहणीचे फलित म्हणून तीन-चार पानांचे टिपण व्यापाऱ्याच्या हाती पडावे. काय केले जाईल आणि, तितकेच महत्त्वाचे, काय केले जाणार नाही, हे त्यात असावे. ते टिपण घेऊन व्यापारी दुसऱ्या कोणाकडे गेला तरी चालेल. त्याने त्याची किंमत दिलेली आहे. फुकट पाहणी करणारा अभियंता ती घाईने उरकतो आणि तिचा खर्च पुढच्या आकड्यात लपवितो.

पाहणीनंतर जो भाग स्पष्ट झाला आणि जो अभियंत्याच्या हाती आहे, तो उक्ता द्यावा. याद्या 8 तास, चलन 14, कॉइल-मीटरसह शिल्लक 22, येणे 8. एकूण 52 तासांचे 41,600 रुपये. स्वतःच्या चुकांसाठी सुमारे पंधरा टक्के धरून 48,000 रुपये. परत येणाऱ्या मालाचा भाग आणखी 8 तासांचा आहे, हे व्यापाऱ्याला आता आधीच दिसते. 1 एप्रिल गाठण्यासाठी तो पहिल्या टप्प्यात वगळावा आणि क्रेडिट नोट टॅलीतच काढीत राहावे, असा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. वगळण्याची किंमत ठाऊक असली म्हणजे वगळणे सोपे जाते.

जुनी यादी स्वच्छ करणे आणि माणसे शिकविणे हे भाग मात्र तासावर ठेवावेत. येथे एक उपयुक्त परिणाम घडून येतो. नावे जुळविण्यास आपल्याला तासाला 800 रुपये मोजावे लागणार हे कळताच व्यापारी आपल्या हिशेबनिसाला दोन दुपारी त्याच कामाला बसवितो. सहा अँपिअरचे चार स्विच एकच आहेत की नाहीत, हे हिशेबनिसाला अभियंत्यापेक्षा चांगले कळते. 20 तासांचे काम अभियंत्याच्या बाजूने 10 तासांवर येते. शिकविण्याचे 6 तास धरले तर दोन्ही मिळून 16 तास, 12,800 रुपये. उक्त्या आकड्यात हीच सफाई समाविष्ट असती, तर हिशेबनीस त्या यादीकडे फिरकलाही नसता.

एकूण रक्कम 67,200 रुपये होते. पहिल्या 40,000 रुपयांपुढे ती मोठी दिसेल. परंतु ते 40,000 रुपये खरे नव्हतेच. त्यांचा उरलेला भाग अभियंत्याच्या सुट्यांतून आणि न केलेल्या तपासणीतून भरला जात होता. वेळेचा हिशेबही पाहावा. पाहणीचे 8, उक्ते 52 आणि तासावरचे 16 मिळून 76 तास, म्हणजे दर आठवड्यास 10 तासांनी सुमारे आठ आठवडे. फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चअखेर एवढाच अवधी असतो. तारीख कशीबशी गाठली जाते, आणि परत येणाऱ्या मालाचा भाग का वगळावा लागला हेही त्यावरून स्पष्ट होते.

पथ्ये आणि मर्यादा

या मिश्र पद्धतीला काही पथ्ये पाळावी लागतात. तासाच्या भागाला कमाल मर्यादा घालून ती लिहून ठेवावी, उदाहरणार्थ 20 तास. आणि दोन-तृतीयांश तास संपताच थांबून व्यापाऱ्याला कळवावे. दर रविवारी रात्री, कोणत्या कामाला किती वेळ लागला, याची चार ओळींची नोंद पाठवावी. वेळ पडताळता येत नसला तरी अशा नोंदीमागचे काम पडताळता येते, आणि अविश्वास साठण्यापूर्वीच प्रश्न विचारला जातो. काम सोपविल्यानंतर दोष आणि नवी मागणी यांतील सीमाही टिपणातच आखावी: लिहिलेली गोष्ट लिहिल्याप्रमाणे चालत नसेल तर तो दोष, 30 दिवसांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त होईल, न लिहिलेली गोष्ट हवी असेल तर ती नवी मागणी, तिचे तास मोजले जातील. सोमवारी सकाळी अकरा वाजता दुकानातून येणारा फोन नोकरीवर असलेल्या माणसाला घेता येत नाही, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे.

प्रत्येक कामाला इतका खटाटोप हवाच असे नाही. दुकानाची माहिती देणारी पाच पानांची वेबसाइट ज्याने वीसदा केली आहे, त्याने ती सरळ उक्ती घ्यावी. तेथे अनिश्चितता नाममात्र असते आणि पाहणीचा खर्चच अधिक व्हावयाचा. उलट, दुसऱ्याने अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करावयाचा असेल, तर आत काय निघेल हे उघडून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. तेथे उक्ता आकडा सांगणे म्हणजे जुगार होय. बांधकामाच्या करारांचा अभ्यास करून पॅट्रिक बजारी आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी 2001 साली याच आशयाचा निष्कर्ष मांडला आहे. साधे, आधी पूर्ण लिहून काढता येणारे काम उक्ते द्यावे. गुंतागुंतीचे आणि वाटेत बदलणारे काम झालेल्या खर्चावर द्यावे, कारण उक्त्या करारात प्रत्येक बदलाबरोबर नव्याने घासाघीस सुरू होते.

सुटीच्या दिवशी काम करणाऱ्या अभियंत्याच्या बाबतीत या निष्कर्षाला एक जास्तीचे वजन येते. ठेकेदाराचे काम लांबले तर तो आणखी माणसे लावू शकतो. या माणसाजवळ आठवड्याला दहा तास आहेत. ते वाढविता येत नाहीत, आणि लांबलेले काम त्याच्या नोकरीतून, झोपेतून किंवा घरच्यांच्या वाट्याच्या वेळातून भागवावे लागते. व्यापाऱ्याजवळही दुसरा 1 एप्रिल नसतो. अशा दोघांनी आकड्यावर घासाघीस करीत बसण्यापेक्षा, कोणती गोष्ट अद्याप कोणालाच ठाऊक नाही, ती शोधण्याचा खर्च कोण देणार आणि ती आटोक्यात ठेवणे कोणाच्या हाती आहे, याचा आधी निवाडा करावा. तो झाला की कोणता भाग उक्ता आणि कोणता तासावर, हे ठरविण्यास गवंड्याइतकाच थोडा वेळ लागेल.